एका शब्दात अडकलेली तीन माणसं

बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी 1910 मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी एक नवा शब्द बनवला: ट्रान्सव्हेस्टाइट. लॅटिनमध्ये ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘व्हेस्टिस’ म्हणजे वस्त्र. ग्रंथात 17 जणांच्या हकिकती होत्या, त्यांपैकी 16 जन्माने पुरुष. त्या वाचताना हिर्शफेल्ड यांनी एक गोष्ट ठासून मांडली. बायकांचे कपडे घालणारा पुरुष समलैंगिक असतो ही समजूत चुकीची आहे, कारण यांतले बरेच जण स्त्रियांवरच प्रेम करणारे होते, काही तर संसारी होते. त्या काळात हे म्हणणं धाडसाचं होतं. पण शब्द कपड्यांवरून बनलेला असल्यामुळे कपडे बदलणारा जो कोणी असेल तो त्यात कोंबला गेला. आज आपण ज्यांना क्रॉस-ड्रेसर, ड्रॅग कलाकार आणि ट्रान्सजेंडर म्हणतो, त्यांच्यात लोकांचा जो घोळ होतो, त्याचं एक मूळ इथे आहे. क्रॉस-ड्रेसर हौसेने दुसऱ्या लिंगाचा वेश करतो, ड्रॅग कलाकार तो रंगमंचावर करतो, आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीची ओळखच जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी असते.

पोलिसांचाही तोच घोळ होता. विरुद्ध लिंगाचे कपडे घालू नयेत असा थेट कायदा जर्मनीत नव्हता, पण सार्वजनिक उपद्रव म्हणून रस्त्यावर पकडता येत असे. हिर्शफेल्ड यांच्या खटपटीमुळे बर्लिनचे पोलीस एक दाखला देऊ लागले. अमुक व्यक्ती पुरुषाचे (किंवा स्त्रीचे) कपडे घालते हे पोलिसांना माहीत आहे, एवढाच त्याचा मतलब. खिशात हा कागद असला की अटक टळायची. पण तो घेणारा माणूस संध्याकाळपुरता वेश करतो, की आयुष्यभर स्त्री म्हणून जगू पाहतो, हे त्या कागदावरून कळत नसे. दोघांना दाखला एकच.

फरक प्रत्यक्षात केवढा होता ते डोरा रिश्टर हिच्याकडे पाहिलं की कळतं. लैंगिकतेचा अभ्यास करणारी हिर्शफेल्ड यांची संस्था 1919 मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली आणि डोरा तिथेच घरकामाला होती. जन्माने तिला मुलगा ठरवलं होतं. 1922 मध्ये तिच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली आणि 1931 मध्ये योनिमार्ग तयार करण्याची. तिला हौसेचा वेश नको होता, रंगमंच नको होता. तिला स्वतःचं शरीर तिच्या ओळखीशी जुळवून घ्यायचं होतं. सगळ्याच ट्रान्स व्यक्ती शस्त्रक्रिया करतात असं मात्र नाही. अनेकांना ती नको असते, अनेकांना परवडत नाही, आणि त्यामुळे त्यांचं ट्रान्स असणं कमी होत नाही. डोराच्या कपाटातले कपडे काढून घेतले असते तरी ती स्त्रीच राहिली असती, मुद्दा एवढाच. 6 मे 1933 रोजी नाझींनी संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली.

ड्रॅगची वाट वेगळीच, ती रंगभूमीवरून आली. बायकी वेशासाठी ‘ड्रॅग’ हा शब्द 1870 मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांत दिसतो. त्या वर्षी बोल्टन आणि पार्क नावाच्या दोन तरुणांना नाट्यगृहाबाहेर झगे घातलेले असताना पकडलं होतं. ते हौशी नाटकांत स्त्रीभूमिका करत. पुढच्या वर्षी ते निर्दोष सुटले.

ड्रॅग म्हणजे काय हे समजून घ्यायला मला ज्युलियन एल्टिंज सर्वांत उपयोगी वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा अमेरिकन नट स्त्रीवेशासाठी इतका गाजला, की 1912 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचं थिएटर उभं राहिलं. त्याच्या नावाने निघणाऱ्या मासिकात बायकांना सौंदर्याच्या टिपा मिळत. आणि रंगमंचाखाली? तोंडात सिगार, हातात बॉक्सिंगचे मोजे, असे फोटो तो मुद्दाम छापून आणी. प्रयोग संपला की मेकअप उतरला, आणि खाली नट उरला. यात कौशल्य असतं, प्रेक्षक असतो आणि बिदागीही असते. स्त्रिया पुरुषवेशात करतात तेही ड्रॅगच. एखादी ट्रान्स स्त्रीसुद्धा ड्रॅग करू शकते. रंगमंचावर जे चालतं ते काम, घरी जे असतं ती ओळख. कामावरून ओळख ठरत नाही.

इथे मराठीत लिहिणाऱ्याची एक अडचण सांगायला हवी. आपलं क्रियापद ‘आला’ की ‘आली’ ते विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. एल्टिंज स्टेजवर कितीही देखणी बाई दिसला, तरी मी ‘तो’ लिहितो. डोराला ‘ती’. या एका अक्षरात फरकाचा बराचसा भाग येऊन जातो.

डोराच्या काळानंतर जगभर नाव झालं ते क्रिस्टीन जॉर्गन्सनचं. 1 डिसेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर बातमी दिली की माजी सैनिक आता सोनेरी केसांची सुंदरी झाली आहे. तिच्यावर डेन्मार्कमध्ये उपचार झाले होते. बातमीनंतर तिथले डॉक्टर हाम्बुर्गर यांच्याकडे ‘आम्हालाही हेच हवं’ म्हणणाऱ्या 465 जणांची पत्रं आली. पुढे क्रिस्टीनने नाइटक्लबमध्ये गाण्याचे कार्यक्रम केले. हे ड्रॅग नव्हतं, ती गाणारी बाई होती. 1959 मध्ये तिने लग्नाचा परवाना मागितला तेव्हा जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ आहे म्हणून तो नाकारला गेला. फक्त ड्रॅग करणाऱ्याला अशा दाखल्याची अडचण यायचं कारण नाही, कारण त्याला दाखल्यावरची ओळख बदलायचीच नसते.

राहिले तिसरे, म्हणजे क्रॉस-ड्रेसर. त्यांचा प्रेक्षक बहुधा आरसा. 1961 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये स्वतः क्रॉस-ड्रेसर असलेल्या व्हर्जिनिया प्रिन्स यांनी आपल्यासारख्या काही जणांना गुपचूप जमवलं. प्रत्येकाने पिशवीत स्टॉकिंग्ज आणि उंच टाचांचे बूट आणायचे, आणि सगळ्यांनी एकाच वेळी घालायचे. कुणी पोलिसांचा माणूस असलाच तर तोही अडकावा, हा हिशेब. जमलेले बहुतेक स्त्रियांशी लग्न केलेले पुरुष होते, सकाळी पुन्हा सूट घालून कामाला जाणारे. कुणाला यात सुख वाटे, कुणाला विसावा, कुणाला लैंगिक आनंद. आपण स्त्री आहोत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. प्रिन्स यांनी कुंपणही कडक घातलं होतं, समलैंगिक नकोत आणि शस्त्रक्रिया मागणारे नकोत.

गंमत अशी की 1968 पासून स्वतः प्रिन्स पूर्णवेळ स्त्री म्हणून राहू लागल्या, शस्त्रक्रिया न करता. म्हणजे कप्पे वेगळे असले तरी त्यांची दारं कुलूपबंद नसतात. काहींना आधी वाटतं की ही आपली हौस आहे, आणि वर्षांनी कळतं की ती हौस नव्हती. पण बहुतेक क्रॉस-ड्रेसर क्रॉस-ड्रेसरच राहतात, म्हणून घरच्यांनी ‘आज साडी, उद्या ऑपरेशन’ असं गृहीत धरू नये. फरक ओळखायचा असेल तर कपड्यांकडे न बघता, कपडे उतरल्यावर तो माणूस स्वतःला काय म्हणतो ते त्यालाच विचारावं लागतं.

1990 च्या दशकात चळवळीतल्या लोकांनी ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द मुद्दाम मोठ्या छत्रीसारखा उघडला. त्यात क्रॉस-ड्रेसर आणि ड्रॅग कलाकारही घेतले, कारण रस्त्यावर मार सगळ्यांनाच सारखा बसत होता. नंतर शब्दाचा अर्थ आक्रसत गेला. आज तो मुख्यतः जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्यांसाठी वापरतात. ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ हा शब्द आता बहुतेकांना खटकतो.

वैद्यकाच्या वह्यांमधली गाठ सुटायला आणखी वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत वेशांतराचे दोन प्रकार मानसिक विकारांत होते, आणि ट्रान्स असणंही तिथेच. 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत वेशांतराच्या दोन्ही नोंदी गेल्या. ट्रान्स असण्याशी निगडित नोंद उरली, पण मानसिक विकारांतून उठून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात गेली, म्हणजे ज्यांना उपचार हवेत त्यांना ते मिळण्याची वाट खुली राहावी. ड्रॅगची स्वतंत्र नोंद दोन्ही आवृत्त्यांत नाही.