रोप लावतानाची प्रार्थना (बेळगाव सीमाभाग)

वृक्षारोपणाच्या वेळी माती, नद्या आणि झाडं यांच्यासाठी वेगवेगळ्या परंपरांतल्या ओळी घेऊन एकत्र म्हटली जाणारी छोटी प्रार्थना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच गावात वारकरी, लिंगायत, दिगंबर जैन, मुसलमान, बौद्ध आणि ख्रिस्ती घरं असू शकतात आणि घरातली भाषा मराठी, कन्नड, कोंकणी किंवा दख्खनी असते. त्यामुळे इथे ही प्रार्थना एका ग्रंथातून उचलता येत नाही. तिची ठरलेली संहिता नाही. दर वेळी ती जुळवावी लागते. जुळवणारे बहुतेकदा प्रत्येक धर्माचं एकेक पान वाचायला देतात आणि तिथेच ती बिघडते. ती चांगली जमते ती प्रत्येक ओळ हातातल्या कामावर पडते तेव्हा: खणताना खणण्याची, पाणी घालताना पाण्याची.

खणण्याची ओळ अथर्ववेदात तयार आहे. बाराव्या कांडातलं पहिलं सूक्त, म्हणजे 63 ऋचांचं भूमिसूक्त, लोकांना ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’ या बाराव्या ऋचेमुळे माहीत असतं आणि फलकावरही तीच रंगवलेली दिसते. रोप लावणाऱ्याच्या कामाची ऋचा मात्र पस्तिसावी आहे:

यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु ।
मा ते मर्म विमृग्वरि मा ते हृदयमर्पिपम् ॥

भूमी, तुझ्यातून मी जे खणतो ते लवकर पुन्हा उगवो. तुझ्या मर्माला, तुझ्या काळजाला माझ्याकडून इजा न होवो. खणणं ही जखम आहे हे मान्य करून, ती खोल जाऊ नये एवढंच यात मागितलं आहे. मराठी घरांत सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवताना ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’ म्हणण्याची रीत आहे, तिचाही सूर हाच.

जैन घरातल्या माणसाला या क्षणी वेगळं कारण असतं. जैन विचारात पृथ्वीकाय, जलकाय, वनस्पतिकाय हे स्वतःच एकेंद्रिय जीव आहेत. कुदळ मारली की मातीतले किडे-मुंग्या मरतात ते आहेच, पण मातीच जीव आहे. म्हणून प्रतिक्रमणातली, म्हणजे झालेल्या चुका कबूल करण्याच्या जैन नित्यविधीतली ‘खम्मामि सव्वजीवाणं, सव्वे जीवा खमंतु मे’ ही गाथा इथे अगदी नेमकी बसते: सगळ्या जीवांना मी क्षमा करतो, सगळे जीव मला क्षमा करोत. वेदातली ऋचा एका आईची माफी मागते, ही गाथा असंख्य जीवांची. दोन्ही एकापाठोपाठ म्हटल्या तर ऐकणाऱ्याला हा फरक आपोआप जाणवतो. मध्ये निवेदकाने समजावू नये.

यातली खरी अडचण ‘ला’ आणि ‘साठी’ या दोन प्रत्ययांत आहे. भूमीला प्रार्थना करणं आणि भूमीसाठी प्रार्थना करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हिंदू घरात सहज होते. मुसलमान किंवा ख्रिस्ती माणसाला निर्माण केलेल्या वस्तूला हात जोडता येत नाहीत. तो निर्मात्याकडे तिच्यासाठी मागतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेला बौद्ध देवतांच्या पूजेपासूनच लांब राहतो. लिंगायत वचनांत या पेचावर एक सुंदर वाट आहे. जेडर दासिमय्यांचं वचन सुरू होतं: ‘इळे निम्म दान, बेळे निम्म दान’, भूमी तुझं दान, पीक तुझं दान. इथे भूमी देवता नाही, मिळालेली वस्तू आहे, आणि म्हणून ही ओळ ख्रिस्ती आणि मुसलमान शेजाऱ्यालाही परकी वाटत नाही. (याच वचनाचा शेवट, तुझं दान खाऊन दुसऱ्याचे गोडवे गाणाऱ्यांना कुत्र्याची पिल्लं म्हणणारा आहे. रोपं लावायच्या सकाळी तो कुणी म्हणत नाही, ते बरंच.) पोप फ्रान्सिस यांनाही हा पेच दिसला असावा. पर्यावरणावरच्या 2015 च्या परिपत्राच्या शेवटी त्यांनी दोन प्रार्थना दिल्या: एक निर्मात्या ईश्वराला मानणाऱ्या सगळ्यांना म्हणता येईल अशी, दुसरी फक्त ख्रिस्ती लोकांसाठी. खानापूर-बेळगाव भागातल्या कॅथलिकांकडून ओळ घ्यायची तर पहिलीतली घ्यावी.

म्हणून साधा नियम असा: ज्याची ओळ त्याने म्हणावी, बाकीच्यांनी नुसतं उभं राहावं. सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते एकच, शेवटचं वचन, आणि त्यात देवाचं नाव नसावं.

नद्यांच्या बाबतीत पाठ असलेला श्लोक इथे तोकडा पडतो. ‘गङ्गे च यमुने चैव’ मध्ये सात नद्या आहेत. गोदावरी आहे, कावेरी आहे, पण कृष्णा नाही. बेळगाव जिल्ह्याचं बहुतेक पाणी तर कृष्णेलाच जातं. तेव्हा इथे नावं आपली घ्यावीत: खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, घटप्रभा, तिला मिळणाऱ्या हिरण्यकेशी, ताम्रपर्णी आणि मार्कंडेय, निपाणीकडच्या वेदगंगा आणि दूधगंगा. मलप्रभा पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. बसवण्णांच्या वचनांवर ‘कूडलसंगमदेव’ ही मुद्रा येते ती याच संगमावरून. एक नदी मात्र उलटी, पश्चिमेला, गोव्याकडे जाते: म्हादई. तिचं नाव घ्यावं की नाही यावर कुजबूज होते, कारण तिच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र लवादापुढे गेले आणि 2018 मध्ये निवाडा झाला तरी वाद मिटला नाही. नाव जरूर घ्यावं, पण तिचं पाणी कुणाचं यावर एक शब्द बोलू नये. बोलायला लागलं की रोपं तशीच राहतात.

झाडासाठीच्या ओळींत मराठी माणूस आधी ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’कडे जातो. लावणीचा हंगाम आषाढी वारीचा असतो, त्यामुळे अभंग ओठांवर असतोच. पण तो अभंग एकांताच्या सुखाचा आहे, झाड लावण्याचा नाही. लावणीची ओवी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात आहे, शत्रू-मित्रांशी सारखं वागणाऱ्या भक्ताबद्दल:

जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली ।
दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥

तोडणारा आणि लावणारा, दोघांना एकच सावली. याच्या शेजारी हदीसमधलं वचन ठेवावं: एखाद्याने झाड लावलं आणि त्यातलं पक्ष्याने, माणसाने किंवा जनावराने खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावावर सदका, म्हणजे दान, होतं. कुणी खाल्लं हे विचारलेलं नाही. पालीतल्या वनरोप सुत्तात ‘आरामरोपा वनरोपा’, म्हणजे बागा आणि वनं लावणाऱ्यांची गणती पूल बांधणाऱ्यांबरोबर आणि पाणपोई घालणाऱ्यांबरोबर केली आहे आणि त्यांचं पुण्य रात्रंदिवस वाढतं असं म्हटलं आहे. तिन्हीकडे लावणाऱ्याला फळ कोण खाईल ते ठाऊक नाही, आणि मिश्र गावात हे सांगण्यासारखं आहे.

आता हे सगळं एका सकाळीवर बसवून पाहू. मार्कंडेयाच्या काठचं एक गाव, जुलैचा पहिला आठवडा, चाळीस रोपं. झाड निवडलं जांभळाचं. पिंपळ निवडला असता तर तो कुणाला देवाचा वाटला असता, कुणाला बोधिवृक्ष. वड-पिंपळ-उंबराची फळं जैन श्रावक खात नाहीत. जांभूळ सगळे खातात, नदीकाठची ओल त्याला मानवते, आणि पूजेच्या संकल्पात ‘जम्बुद्वीपे’ म्हणताना त्याचं नाव येतंच. कन्नडमध्ये जांभूळ म्हणजे नेरळे आणि सावली म्हणजे नेरळु. फरक मुख्यतः पहिल्या ‘ने’च्या लांबीचा, जो देवनागरीत दिसतही नाही.

दीड-दोन फुटांचे खड्डे मे महिन्यातच खणून ठेवलेले असतात, म्हणजे माती उन्हात तापते. म्हणजे माफीची वेळ खरं तर मेमध्येच, खणणारे चार गडी असताना. ती तेव्हा म्हणावी, नाहीतर लावणीच्या दिवशी शेणखत मिसळून भरलेल्या मातीत खुरप्याने जागा करताना म्हणावी. ऋचा आणि गाथा मिळून एक मिनिट. मग पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची, मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता. तळाशी गोल फिरलेली मुळं कापायची. हे चालू असताना ‘इळे निम्म दान’ आणि निर्मात्याला उद्देशून ख्रिस्ती ओळ. रोप उभं करून माती दाबताना ओवी, हदीस आणि पाली गाथा. पाणी ओतताना नद्यांची नावं. पश्चिमेकडे जुलैत मातीला पाण्याची गरज नसते, तेव्हा तांब्याभर पुरे. अथणीकडे पाऊस कमी, तिथे घागर रिकामी करावी. सगळं सहा-सात मिनिटांत, एकाच रोपावर. बाकीची एकोणचाळीस रोपं तोवर झाडाखाली सावलीत, ओल्या गोणपाटाखाली.

शेवटचं वचन दोन्ही भाषांत, कागदाशिवाय म्हणता येईल एवढं लहान:

हे रोप आम्ही लावलं. तीन उन्हाळे याला पाणी घालू. याची सावली कुणाची, ते विचारणार नाही.

ई गिड नावु नेट्टिद्देवे. मूरु बेसिगे नीरु हाकुत्तेवे. इदर नेरळु यारदु अंत केळुवुदिल्ल.

आधी कुठली भाषा, यावर इथे वाद होऊ शकतो. एका ओळीला मराठी आधी, पुढच्या ओळीला कन्नड आधी, असं आलटून-पालटून म्हटलं तर तो उद्भवत नाही.

बिघाड कुठे होतो ते संध्याकाळपर्यंत कळतं. प्रार्थना लांबली आणि रोपं पिशवीतून काढून उन्हात ओळीने मांडून ठेवली असतील तर पानं त्याच दिवशी माना टाकतात. मुळं वाळलेली असतात. दुसरा बिघाड हळू आहे. फोटोसाठी रोप खोल दाबलं आणि खोडाचा बुंधा मातीत गेला की ओलीने साल कुजते, पान महिन्याभराने पिवळं पडतं. तिसरा धाग्याचा. पूजेचा दोरा, रंगीत फीत किंवा नावाच्या पाटीची तार कोवळ्या खोडाला घट्ट बांधलेली राहते, खोड जाड होतं, दोरा सालीत रुततो आणि त्याच्या वरच्या बाजूला फुगवटा येतो. असा फुगवटा दिसला की दोरा लगेच कापावा. बांधायचंच असेल तर शेजारच्या आधाराच्या काठीला बांधावं.