एकेरीवर येणे

एकेरीवर येणे म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ सोडून समोरच्याला ‘तू’ म्हणू लागणे, अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणे. हा शब्दप्रयोग बहुधा भांडणाबद्दल बोलताना होतो, कारण मराठीत ‘तू’ जवळिकीचाही असतो आणि अवमानाचाही. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांमागे अधिकार आणि आपलेपणा ही दोन सूत्रे दाखवली. दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर आपलेपणा, एकजणच म्हणत असेल तर अधिकार. ही कसोटी मराठीलाही बऱ्याच अंशी लागू पडते.

मराठीत हा बदल अनेकदा सर्वनामाआधी क्रियापदात दिसतो. ठाणे-वाशी लोकलने रोज एकत्र जाणाऱ्या, साधारण एकाच वयाच्या दोघींचे मोबाइलवरचे संदेश घेऊ. सुरुवातीला ‘डबा आणलात का?’ असते. पुढे शेवटचा ‘त’ गळतो आणि ‘डबा आणला का?’ उरते. यात ‘आणलात’ नाही, ‘आणलास’ही नाही, त्यामुळे कुणालाच अवघडल्यासारखे होत नाही. ‘जागा धरू का?’, ‘निघायचं का?’ ही वाक्येही तशीच सोयीची, आणि अशा आडोशाने कित्येक आठवडे निभावतात. ‘आलात का?’ला मात्र आडोसा नाही; ‘आली का?’ म्हटले की एकेरी झालेच. आज्ञार्थातही ‘थांबा’ किंवा ‘थांब’ यांतले एक निवडावेच लागते. म्हणून पहिली एकेरी अनेकदा घाईत निसटते: ‘थांब, जिन्यावर आहे.’

खरा निकाल उत्तरात लागतो. ‘थांबलेय, ये लवकर’ असे आले तर गाठ बसली. ‘हो, या तुम्ही’ आले तर समोरचीने नम्रपणे अंतर राखले आहे, आणि पुन्हा ‘तू’ लादणे तिला खुपेल.

एकतर्फी ‘तू’ने फसगत होते. साहेब कनिष्ठाला वर्षानुवर्षे ‘तू’ म्हणतात आणि उत्तरात ‘सर, तुम्ही’च येते, तिथे जवळीक वाढली असे म्हणता येत नाही. उलट अनेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात, म्हणून वडिलांवरची माया कमी ठरत नाही. ठाणे, ऐरोली, घणसोलीच्या जुन्या गावठाणांत तर आणखी जपून अर्थ लावावा. आगरी-कोळी बोलीत वडीलधाऱ्यांनाही एकेरीत हाक मारण्याची रीत आहे. तिथे मुळात बदलच झालेला नसतो. हिंदीत बोलताना मराठी माणूस ‘तुम्ही’च्या सवयीने ‘तुम’ म्हणतो, पण हिंदीत आदराचे रूप ‘आप’ आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो सलगी करतोय असे वाटते.

रागातला ‘तू’ ओळखता येतो: तो अचानक येतो, त्याच्यासोबत आवाज चढतो आणि भांडण निवळले की बहुधा ‘तुम्ही’ परततो. जवळिकीचा ‘तू’ चारचौघांतही टिकतो. मैत्रीत रुसवा आला की उलटी खूण दिसते. कालपर्यंत ‘ये गं’ म्हणणारी ‘तुम्ही या’ लिहू लागते, आणि तो ‘तुम्ही’ आदराचा नसतो.