नाक मोठं दिसणं वेगळं, डोकं रुंद होणं वेगळं

ग्रुप सेल्फी कुटुंबाच्या ग्रुपवर पडली की कडेला उभ्या असलेल्या बिचाऱ्या मावशीला ठरलेला प्रश्न येतो: "तब्येत सुधारली वाटतं?" मग कुणीतरी जाणकार समजूत घालतो, "अगं, कॅमेरा फार जवळ होता, म्हणून तसं दिसतंय." मावशीची बाजू घेतली हे चांगलंच केलं, पण कारण चुकीचं दिलं. आणि कारण चुकीचं म्हटल्यावर उपायही चुकीचाच सुचवला जातो.

जवळून फोटो काढल्यावर काय होतं ते एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. फोन नाकापासून 30 सेंटीमीटरवर असेल तर कान साधारण 42 सेंटीमीटरवर असतात. नाक कॅमेऱ्याला बरंच जवळ, म्हणून ते मोठं येतं आणि कान मागे दडतात. दीड मीटर लांब गेलात की हा फरक जवळजवळ मिटतो. फ्रेममध्ये तुम्ही मधोमध आहात की कडेला, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मावशीचं दुखणं निराळं आहे. तिचं नाक बेढब आलेलं नाही. तिचं अख्खं डोकं, खांदे, दंड, सगळं आडवं ताणलं गेलंय, तेही फोटोच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने. ती कॅमेऱ्यापासून किती लांब होती यावर हा ताण ठरत नाही. कॅमेऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून ती किती अंशाने बाजूला होती, यावर ठरतो.

हे असं का होतं? टॉर्चचा झोत भिंतीवर सरळ मारला तर गोल उमटतो, तिरका मारला तर लांबट. डोक्याकडून येणारे किरण कॅमेऱ्यातल्या सपाट सेन्सरवर असेच पडतात. मधल्या माणसाचे सरळ, कडेच्या माणसाचे तिरके. म्हणून गोल डोकं कडेला अंडाकृती होतं. यात लेन्स खराब नाही की फोन स्वस्तातला नाही. सरळ रेषा सरळच ठेवणारी उत्तम लेन्ससुद्धा अगदी हेच करणार.

आता आकड्यांत बघू. नऊ जण एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे आहेत, दोन डोक्यांत साधारण 45 सेंटीमीटर. म्हणजे टोकाचं डोकं मध्यापासून 1.8 मीटरवर. सेल्फी स्टिकवर फोन आडवा लावलाय, रांगेपासून दीड मीटरवर, आणि सगळे मावावेत म्हणून कॅमेरा .5 वर, म्हणजे फोनच्या सगळ्यात रुंद देखावा टिपणाऱ्या लेन्सवर, ठेवलाय. टोकाची व्यक्ती जवळपास 50 अंश बाजूला पडते. हिशेब केला तर तिच्या डोक्याची उंची मधल्या माणसाएवढीच येते, पण रुंदी सुमारे 1.56 पट होते. उंची तेवढीच आणि रुंदी दीडपटीहून जास्त, यालाच आपण "जाड झाली" म्हणतो! मधोमध उभा असलेला भाचा मात्र सडपातळ, आणि वर तोच कॅमेऱ्याची स्तुती करतो.

तीच रांग घ्या, फोन तीन मीटरवर स्टूलावर टेकवा, टायमर लावा आणि साधा 1x कॅमेरा वापरा. टोकाचं डोकं आता 31 अंशांवर येतं आणि फक्त 17 टक्के रुंद होतं. जागा असेल तर सहा मीटरवर जाऊन 2x वापरा, मग ते चार टक्क्यांवर येतं, म्हणजे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण लांब जाऊनही .5 चाच हट्ट धरलात आणि लोकांना पांगवून फ्रेम पुन्हा काठोकाठ भरलीत, तर ताण होता तेवढाच राहतो. तेव्हा नुसतं "लांबून काढ" म्हणणं पुरेसं नाही.

इथे मला एका सल्ल्याचा मनापासून राग आहे: "सगळे अर्धगोलात उभे राहा, म्हणजे सारखे दिसाल." कॅमेऱ्याभोवती कमान केली की टोकाची माणसं पुढे येतात, तीही तिरक्या कोनातच. वरच्या उदाहरणात तोच 50 अंशांचा कोन ठेवून त्यांना मधल्या माणसाइतक्याच अंतरावर आणलंत, तर डोकं रुंदीला जवळपास अडीचपट आणि उंचीलाही दीडपट होईल. वाकवायचीच असेल तर रांग उलटी वाकवा, टोकाची माणसं अर्धं पाऊल मागे घ्या. आणि सगळ्यात कडेला मोठ्या माणसांना उभं करून लहान मुलांना मध्ये घेण्याची आपली रीत .5 च्या फोटोपुरती तरी सोडा.

दाराची चौकट वाकडी दिसणं हा तिसराच प्रकार, त्यात फार अडकायचं कारण नाही. रेषा वाकल्या तर दोष लेन्सचा. रेषा सरळ आणि डोकं पसरट असेल तर तो हा ताण. गंमत एवढीच की फोन वाकलेल्या रेषा सरळ करतो, तेव्हा कडेची डोकी आणखी पसरतात. सपाट कागदावर इतका रुंद देखावा मांडताना भिंती सरळ आणि डोकी गोल, दोन्ही एकदम साधत नाही. राफाएलने व्हॅटिकनमधल्या 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रात उजव्या कडेच्या माणसांच्या हातातले गोल सरळ वर्तुळासारखे काढलेत. काटेकोर यथार्थदर्शनाने ते लांबट यायला हवे होते. इमारत एका नियमाने, गोल दुसऱ्या. अलीकडचे बरेच फोनही चेहरे शोधून तेवढाच भाग गोल करतात. तेव्हा कधीकधी चेहऱ्यामागची खिडकी किंचित वाकते. मला ती वाकलेली खिडकी चालते, मावशी जास्त महत्त्वाची.

फोटोवरून माणसाबद्दल काही बोलायच्या आधी मागची भिंत बघा. कडेला टांगलेलं कॅलेंडर किंवा भिंतीवरच्या फरशा नेहमीच्या प्रमाणात आहेत आणि शेजारचं डोकं तेवढं रुंद आहे, तर ताण नक्की. कारण सेन्सरला समांतर असलेली सपाट वस्तू कडेलाही आपलं प्रमाण सोडत नाही. खात्री हवी असेल तर .5 वर काढलेला फोटो टीव्हीवर लावा. फोटो 90 सेंटीमीटर रुंद दिसत असेल तर त्याच्या बरोबर मध्यासमोर, 34 सेंटीमीटरवर, एक डोळा मिटून उभे राहा आणि मान न हलवता नजर कडेकडे न्या. डोकी गोल दिसतात. फोन हातात धरून हे जमणार नाही, कारण इतक्या जवळ, चार-सहा सेंटीमीटरवर, डोळ्याला नीट दिसतच नाही.

आणि कृपा करून असा कडेचा चेहरा कापून लग्नाच्या बायोडेटाला लावू नका. कापला की भिंत, कॅलेंडर, मधला भाचा, सगळा पुरावा गेला, उरतं ते फक्त पसरट तोंड. दुसरा फोटो नाहीच म्हणून तोच वापरायचा असेल, तर कापलेल्या तुकड्याची उंची तशीच ठेवून रुंदी 65 ते 85 टक्क्यांच्या दरम्यान दाबून बघा. जितका कडेचा चेहरा तितका जास्त दाब. हे डाव्या-उजव्या कडेच्या मधल्या चेहऱ्यालाच लागू पडतं. कोपऱ्यातला चेहरा तिरपा ताणलेला असतो, तो आडवा दाबला तर जबडा एका बाजूला कलल्यासारखा दिसतो.