खंडणी, चूलपट्टी आणि एक अर्धवट तह

इंग्लंड आणि फ्रान्समधलं 1337 ते 1453 चं युद्ध सलग चाललं नाही. मधे तह झाले, वर्षानुवर्षं शांतता होती. मग ते दर वेळी पुन्हा का पेटलं? याचं सगळ्यात चांगलं उत्तर 1356 ते 1369 या तेरा वर्षांत सापडतं.

फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स 1328 मध्ये वारला, तेव्हा त्याला मुलगा नव्हता. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पण फ्रेंच सरदारांनी गादी दिली ती चार्ल्सचा चुलतभाऊ फिलिप याला. पंचाईत अशी की नैर्ऋत्य फ्रान्समधला गॅस्कनीचा मुलूख एडवर्डकडे होता आणि त्यासाठी तो फ्रेंच राजाचा मांडलिक ठरत होता. 1337 मध्ये फिलिपने तो मुलूख जप्त केला. 1340 मध्ये एडवर्डने स्वतःलाच फ्रान्सचा राजा म्हणवून घेतलं. मालकच झाल्यावर मांडलिकत्वाचा प्रश्न उरत नाही!

हक्क सांगणं सोपं, तो गाजवायला धनुर्धारी लागत. इंग्रजांचं लांब धनुष्य जवळपास माणसाच्या उंचीचं, शक्यतो यू झाडाच्या एकाच दांड्याचं. दांडा असा कापत की खोडाच्या गाभ्याचं लाकूड धनुर्धाऱ्याच्या बाजूला आणि सालीजवळचं फिकट लाकूड लक्ष्याच्या बाजूला येई. गाभा दाब सोसतो, बाहेरचं लाकूड ताण सोसतं. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजातून अशी शंभराहून जास्त धनुष्यं निघाली. त्यांच्या मोजमापांवरून दोरी पूर्ण खेचायला बहुधा 45 ते 80 किलोंचा जोर लागत असावा. एवढी ताकद पोरवयापासूनच्या सरावानेच येते. म्हणूनच सणासुदीला तिरंदाजीचा सराव करावा, असं फर्मान एडवर्डने 1363 मध्ये काढलं.

तरीही हे अस्त्र सर्वशक्तिमान नव्हतं. सप्टेंबर 1356 मध्ये प्वातियेच्या लढाईत फ्रेंच घोडेस्वार चालून आले, तेव्हा समोरून मारलेले बाण घोड्यांच्या छातीवरच्या चिलखतावरून निसटू लागले. मग ऑक्सफर्डच्या अर्लने धनुर्धाऱ्यांना बाजूला हलवलं आणि घोड्यांच्या उघड्या पुठ्ठ्यांवर नेम धरायला लावला. तेव्हा कुठे हल्ला मोडला. दुसरी अडचण बाणांची. 24 बाणांचा एक जुडगा, तो नेटाने मारला तर चार-पाच मिनिटांत संपतो. प्वातियेला तेच झालं. धनुर्धाऱ्यांनी पडलेल्यांच्या अंगातले बाण उपसून वापरले आणि शेवटी ते तलवारी घेऊन भिडले. संध्याकाळपर्यंत फ्रान्सचा राजा जाँ कैद झाला होता.

खरा हिशोब इथून सुरू झाला. 1360 च्या तहात जाँची खंडणी ठरली 30 लाख सोन्याची नाणी. ती भरायला फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या मालावर 5 टक्के, मिठावर पाचवा हिस्सा आणि दारूवर तेरावा हिस्सा कर बसला. खंडणी पुरती कधीच फिटली नाही, कर मात्र राहिला. त्याच उत्पन्नाची घडी जाँचा मुलगा पाचवा चार्ल्स याने नीट बसवली आणि पुढे त्यावर सैन्य पोसलं.

तहात एडवर्डने गादीवरचा दावा सोडायचा आणि फ्रेंच राजाने अॅक्विटेनवरचं, म्हणजे गॅस्कनीसकट वाढवून दिलेल्या नैर्ऋत्य मुलखावरचं, सार्वभौमत्व सोडायचं, असं ठरलं होतं. पण ही दोन्ही कलमं मूळ तहातून काढून वेगळ्या कागदावर घेतली गेली. मुलूख ताब्यात दिल्यावर, नोव्हेंबर 1361 पर्यंत, त्यांची देवाणघेवाण व्हायची होती. ती कधी झालीच नाही. माझ्या मते युद्धाची पुढची नव्वद वर्षं याच कागदात दडलेली होती.

ती बाहेर काढली एका पट्टीने. अॅक्विटेनचा कारभार एडवर्डच्या थोरल्या मुलाकडे, ‘ब्लॅक प्रिन्स’कडे होता. 1367 मध्ये तो कॅस्टिलच्या पेद्रोला गादी मिळवून द्यायला स्पेनात उतरला आणि धनुर्धाऱ्यांच्या जोरावर नाहेराची लढाई जिंकला. पेद्रोने कबूल केलेला खर्च दिला नाही. कर्जात बुडालेल्या युवराजाने 1368 मध्ये दर चुलीमागे वर्षाला 10 सू, अशी पाच वर्षांची पट्टी मागितली. तिथला बडा सरदार, आर्मान्याकचा काउंट, बिथरला. स्पेनच्या स्वारीतला त्याचाच पैसा थकला होता, त्यात ही पट्टी. त्याने सरळ पॅरिसला दाद मागितली.

आता ती दाद ऐकून घेणं म्हणजे अॅक्विटेनवर आपलीच सत्ता आहे असं सांगणं. चार्ल्सने कायदेपंडितांना विचारलं. देवाणघेवाण झालेली नसल्याने तो अधिकार शाबूत होता. त्याने युवराजाला हजर राहण्याचं समन्स धाडलं. युवराजाचं उत्तर एका तत्कालीन बखरकाराने दिलंय: येईन, पण शिरस्त्राण घालून आणि साठ हजार माणसं घेऊन. जून 1369 मध्ये एडवर्डने पुन्हा फ्रान्सचा राजा ही पदवी लावली आणि नोव्हेंबरमध्ये चार्ल्सने अॅक्विटेन जप्त केला.

या वेळी चार्ल्सने मैदानी लढाई टाळली. लांब धनुष्याची मर्यादा त्याला कळली होती: शत्रू अंगावर चालून आला तरच ते फळतं. 1373 मध्ये इंग्रज फौज कॅलेहून बोर्दोपर्यंत फ्रान्स तुडवत गेली. फ्रेंच तटबंदीआड बसून राहिले. वाटेत तिचे बहुतेक घोडे मेले, मोठी लढाई मात्र एकही मिळाली नाही. 1375 च्या सुमाराला इंग्रजांकडे कॅले आणि बोर्दो-बायोनची किनारपट्टी एवढंच मुख्यतः उरलं. नंतर खर्च भागवायला इंग्लंडने डोईपट्टी बसवली. 1377 मध्ये माणशी 4 पेन्स असलेली पट्टी 1381 मध्ये 12 पेन्सवर गेली, आणि केंट-एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून गेले.