यूट्यूबचं हँडल बदलल्यावर: जुनी लिंक चालणं आणि जुनं नाव राखीव असणं

चॅनेलचं हँडल, म्हणजे `@` ने सुरू होणारं त्याचं नाव, बदलायचं म्हटलं की दोन प्रश्न एकदम येतात. जुन्या लिंकवर टिचकी मारणारा माणूस नव्या पत्त्यावर पोचेल का? आणि जुनं नाव दुसऱ्या कुणी उचललं तर? बहुतेक जण या दोन्हींना एकच प्रश्न समजतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. लिंक पुढे वळवणं हे काम बघणाऱ्यासाठी असतं, तर नाव राखून ठेवणं हे चॅनेलच्या मालकासाठी असतं. यूट्यूबवर या दोन्ही सोयींची मुदत एकच आहे, 14 दिवस, म्हणून त्यांच्यातला फरक सहसा डोळ्यांत भरत नाही.

आधी नाव राखून ठेवण्याचं बघू. तुम्ही हँडल बदललंत की जुनं हँडल यूट्यूब 14 दिवस बाजूला ठेवतं. हेतू एवढाच, की विचार बदलला तर तुम्हाला त्यावर परत जाता यावं. या काळात दुसऱ्या कुणाला ते घेता येत नाही. मुदत संपली की तुमचा हक्क संपतो आणि ते नाव इतरांसाठी मोकळं होऊ शकतं. एका गोष्टीची जाणीव ठेवावी: 14 दिवसांत हँडल दोनदाच बदलता येतं. त्यामुळे ‘हे कसं दिसतंय, ते कसं दिसतंय’ असं चाचपत बसलात, तर बदलाची संधी हातची जाते.

लिंक वळण्याचं म्हणाल, तर त्याच 14 दिवसांत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही हँडलच्या लिंक तुमच्याच चॅनेलवर नेतात. पुढे काय, हे जुन्या नावाच्या नशिबावर आहे. ते कुणी घेतलं नाही, तर लिंक उघडणाऱ्याला पान सापडत नाही. कुणी घेतलं, तर तीच लिंक त्या नव्या मालकाच्या चॅनेलवर जाते. मला यातली दुसरी शक्यता जास्त गंभीर वाटते. बंद पडलेली लिंक निदान बंद पडल्याचं सांगते. दुसऱ्याकडे नेणारी लिंक बघणाऱ्याला तसं काहीच सांगत नाही, आणि त्या चॅनेलवर जे असेल ते तुमच्या नावावर खपून जातं.

एक उदाहरण घेऊ. समजा कुडाळच्या एका घरगुती मसालेवाल्या बाईंचं पाककृतींचं चॅनेल आहे. हँडल `@juna-masala`. 1 मार्चला त्यांनी ते `@nava-masala` केलं. पाकिटांवरच्या क्यूआर कोडमध्ये लिंक आहे `youtube.com/@juna-masala`. 2 मार्चला एका ग्राहकाने कोड स्कॅन केला, चॅनेल उघडलं. 10 मार्चलाही उघडलं. बाईंना वाटलं, सगळं ठीक आहे, जुन्या लिंका आपोआप वळतात. इथेच फसगत होते, कारण चाचणी मुदतीच्या आत घेतली गेली. 15 मार्चनंतर त्या छापलेल्या पाकिटांचा यूट्यूबवर काहीच हक्क उरत नाही, आणि पाकीट तर वर्षभर दुकानाच्या फळीवर असतं.

मग आपल्या लिंका खरंच टिकतात की फक्त मुदतीवर चालल्या आहेत, हे ओळखायचं कसं? लिंकमध्ये `@` आहे का ते बघा. असेल तर ती हँडलवर अवलंबून आहे. एखाद्या व्हिडिओची लिंक `watch?v=` आणि त्यापुढे 11 अक्षरं-अंक अशी असते. तिचा हँडलशी संबंध नाही, ती बदलत नाही. प्लेलिस्टच्या लिंकचंही तसंच. आणि चॅनेलची एक कायमची ओळख असते, `UC` पासून सुरू होणारी 24 अक्षरांची. ती यूट्यूबच्या सेटिंगमध्ये प्रगत विभागात, `youtube.com/account_advanced` इथे मिळते. तिच्यावरून केलेली लिंक अशी दिसते:

```
youtube.com/channel/UC...
```

नाव बदला, हँडल बदला, ही लिंक चालत राहते. सबस्क्राइबर आणि व्हिडिओही या ओळखीशी बांधलेले असल्यामुळे हँडल बदलल्याने ते कुठे जात नाहीत. दिसायला ती ओबडधोबड आहे, मान्य. पण क्यूआर कोडमध्ये काय लिहिलंय ते माणूस वाचत नाही, फोन वाचतो. छापील कोडसाठी मी डोळे मिटून हीच सुचवेन. स्वतःची वेबसाइट असेल तर आणखी सोपं: कोडमध्ये आपल्या साइटचा पत्ता द्यावा आणि तिथून चॅनेलकडे वळवावं. मग पुढे काहीही बदललं तरी वळण आपल्याच हातात.

गोंधळात भर टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जुन्या काळचे पत्ते. हँडल 2022 मध्ये आली. त्याआधी `youtube.com/c/नाव` आणि त्याहूनही आधी `youtube.com/user/नाव` अशा लिंका होत्या. ज्यांच्याकडे त्या आधीपासून आहेत, त्यांच्या चालू राहतात आणि हँडलच्या पानाकडे वळतात. नव्याने मात्र कुणाला करून मिळत नाहीत. पुष्कळ जुन्या चॅनेलवाल्यांनी आपली `/c/` ची लिंक कित्येक वर्षांनंतरही चालताना पाहिलेली असते, आणि त्यावरून ‘यूट्यूब जुन्या लिंका वळवतं’ असा निष्कर्ष ते हँडललाही लावतात. तो चुकीचा आहे. `/c/` वरून `@` कडे वळणं आणि जुन्या `@` वरून नव्या `@` कडे वळणं, यांचे नियम वेगळे आहेत.

काही जण एक युक्ती सांगतात: मुदत संपली की दुसरं एक चॅनेल सुरू करून जुनं हँडल आपणच घ्यायचं. त्यातून नाव परक्या हातात जाण्याचा धोका टळतो, एवढं खरं. पण लिंक वळत नाही! जुना दुवा त्या दुसऱ्या, रिकाम्या चॅनेलवर उघडतो आणि तिथे तुम्ही वर्णनात मुख्य चॅनेलचा पत्ता लिहिला असेल, तरच माणूस पुढे येतो. शिवाय ते नाव तुमच्याआधी दुसरं कुणी घेणार नाही, याची हमी कुणी देत नाही. नाव हाती असणं आणि वाट चालू असणं या किती निराळ्या गोष्टी आहेत, हे या युक्तीत अगदी स्पष्ट दिसतं.

म्हणून बदल करायचाच असेल तर क्रम उलटा ठेवावा. आधी `@` असलेल्या आपल्या लिंका कुठे-कुठे आहेत ते शोधावं: जुन्या व्हिडिओंची वर्णनं, इन्स्टाग्रामचा बायो, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची माहिती, व्हिजिटिंग कार्ड, दुकानाची पाटी. छापील गोष्टी बदलायला वेळ लागतो, तेव्हा नवीन पाकिटं हातात आल्यावरच यूट्यूब स्टुडिओमध्ये जाऊन हँडल बदलावं. मग मिळालेले 14 दिवस राहून गेलेल्या लिंका दुरुस्त करायला वापरता येतात. मुदत संपल्यानंतर एकदा ब्राउझरच्या खाजगी विंडोमध्ये जुनी लिंक उघडून बघावी, आणि पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी बघत राहावी. तिथे परकं चॅनेल दिसलं आणि ते तुमचं नाव, तुमचा फोटो लावून तुम्हीच असल्याचं भासवत असेल, तर यूट्यूबकडे तोतयेगिरीची तक्रार करता येते. नाव तुमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर ट्रेडमार्कच्या तक्रारीचा वेगळा मार्ग आहे. नुसतं ‘हे हँडल आधी माझं होतं’ या कारणावर मात्र ते परत मिळेल, असं धरून चालू नये.