घड्याळ बंद पडलं नाहीये, परमिशन बंद झालीये

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच स्मार्टवॉचमध्ये बिघाड नसतोच. अॅप खूप माहिती घेतं असं कुठेतरी वाचलं की लोक सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या परमिशन एकदम बंद करतात, मग नोटिफिकेशन येईना, स्टेप्स अॅपमध्ये दिसेनात, म्हणून घड्याळ रिसेट करतात आणि सिंक न झालेला डेटा त्यात उडून जातो, तो आम्हालाही परत आणता येत नाही. म्हणून रिसेट करायच्या आधी परमिशन बघा.

अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये ब्लूटूथ जोडणीसाठी Nearby devices नावाची वेगळी परमिशन आहे. ती चालूच ठेवा, लोकेशन बंद असलं तरी तिच्यावर घड्याळ जोडलेलं राहतं. त्याआधीच्या फोनमध्ये आजूबाजूचं ब्लूटूथ शोधायलाच लोकेशन लागायचं, त्यामुळे तिथे अॅप लोकेशन मागतंय म्हणजे लगेच संशय घ्यायचं कारण नाही. अजून एक, अँड्रॉइड ११ पासून तुम्ही एकाच परमिशनला दोनदा नकार दिला की अॅपला ती पुन्हा विचारता येत नाही, आपल्यालाच सेटिंग्ज, अॅप्स, ते अॅप, Permissions असं जाऊन चालू करावी लागते.

लोकेशनला Allow only while using the app ठेवा आणि Use precise location बंद करा, हवामानाला अंदाजे जागा पुरते. मात्र घड्याळात स्वतःचं जीपीएस नसेल तर पळायचा रस्ता फोनच नोंदवतो, मग वेळ दिसेल पण नकाशा रिकामा किंवा वेडावाकडा येईल. अशा वेळी पळण्यापुरतं प्रिसाइज चालू करा आणि वर्कआउट अॅपमधूनच सुरू करा.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो इथे. घड्याळात स्वतःचं जीपीएस असेल तर फोनचं लोकेशन बंद करूनही तुमचा रस्ता सिंक होताना अॅपमध्ये जातोच, कारण तो ब्लूटूथवरून येतो, फोनच्या परमिशनचा तिथे संबंधच नाही. हार्ट रेट आणि झोपेचंही तसंच. Health Connect म्हणजे फोनमधली आरोग्याची माहिती अॅप्सनी आपसात वाटून घ्यायची जागा, तिथल्या परमिशन घड्याळाचं अॅप तिथे काय लिहितं आणि बाकीची अॅप्स त्यातलं काय वाचतात एवढंच ठरवतात, घड्याळाकडून अॅपकडे येणारं थांबवत नाहीत. ते थांबवायचं तर सततचं मोजमाप घड्याळाच्या किंवा अॅपच्या सेटिंगमध्ये बंद करा, आणि पळताना घड्याळाचं जीपीएस. आणि कंपनीच्या सर्व्हरवर आधीच गेलेलं परमिशन काढून पुसलं जात नाही, ते अकाउंटमधून वेगळं डिलीट करावं लागतं.

नवीन घड्याळ देताना आम्ही सगळीकडे पटापट अलाऊ दाबून देत नाही, वेळ लागतो म्हणून काहीजण वैतागतात, पण कुठली परमिशन कशासाठी हे तुम्हाला कळल्याशिवाय चालू करणं आम्हाला पटत नाही. घड्याळ दुसरीकडून घेतलं असेल तरी फोन आणि घड्याळ दोन्ही चार्ज करून घेऊन या, तुमच्यासमोर सेट करून देऊ. पासवर्ड मात्र तुम्हीच टाकायचा, आम्ही तो विचारत नाही.