चांगली सूचना की नवं प्रशिक्षण?

‘माणूस चंद्रावर कसा उतरला, ते सहा वर्षांच्या मुलाला थोडक्यात समजावून सांगा.’ ओपनएआयनं २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एका उदाहरणात ही सूचना जीपीटी-३ या भाषा मॉडेलला इंग्रजीत दिली होती. मॉडेलनं चंद्राबद्दल काहीच सांगितलं नाही. ‘सहा वर्षांच्या मुलाला गुरुत्वाकर्षण समजावून सांगा’ अशा आणखी सूचनाच त्यानं पुढे लिहून काढल्या.

त्याला चांद्रमोहिमेची माहिती नव्हती असं नाही. समोरच्या मजकुरापुढे कोणता शब्द येईल, एवढंच ते शिकलं होतं, आणि प्रश्नामागून प्रश्न येणाऱ्या याद्या त्यानं वाचलेल्या मजकुरात भरपूर होत्या.

यावर पहिला उपाय म्हणजे सूचना सुधारणं. आधी दोन-तीन प्रश्न उत्तरांसह लिहायचे आणि मग आपला प्रश्न विचारायचा. त्यामुळे पुढे उत्तरच येण्याची शक्यता वाढते. पुढचा शब्द ज्यांच्या आधारे ठरतो, त्या मॉडेलमधल्या १७,५०० कोटी आकड्यांपैकी एकही मात्र बदलत नाही. तो नमुना समोर आहे तोवरच परिणाम टिकतो, म्हणून तो दर वेळी नव्यानं द्यावा लागतो.

दुसरा उपाय म्हणजे फाइन-ट्यूनिंग, म्हणजे मॉडेलला नव्यानं प्रशिक्षण देणं. त्यात हे आकडेच बदलतात. माणसानं लिहिलेलं चांगलं उत्तर मॉडेलला दाखवतात. त्या उत्तरातल्या प्रत्येक शब्दाला मॉडेलनं किती शक्यता दिली ते मोजतात, आणि ती वाढेल अशा दिशेनं आकडे किंचित सरकवतात. ओपनएआयनं पहिल्या टप्प्यात अशी सुमारे १३,००० उदाहरणं वापरली. पुढच्या टप्प्यांत माणसांनी उत्तरांची क्रमवारी लावली आणि त्या पसंतीनुसार मॉडेल आणखी घडवलं. यातून तयार झालं इन्स्ट्रक्टजीपीटी.

दोन्ही उपायांची तुलनाही झाली. परीक्षकांनी नुसत्या जीपीटी-३पेक्षा तेवढ्याच आकाराच्या इन्स्ट्रक्टजीपीटीचं उत्तर सुमारे ८५ टक्के वेळा पसंत केलं. जीपीटी-३ला नमुना उत्तरं देऊन विचारलं, तेव्हा हे प्रमाण ७१ टक्क्यांवर आलं. म्हणजे चांगल्या सूचनेनं अंतर कमी केलं, पण ते मिटवलं नाही. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा निकाल: अवघ्या १३० कोटी आकड्यांच्या इन्स्ट्रक्टजीपीटीची उत्तरंही परीक्षकांना मोठ्या जीपीटी-३पेक्षा आवडली. ज्ञान कमी असूनही ते विचारलेलं काम करत होतं.

म्हणूनच नवी माहिती पुरवण्यासाठी फाइन-ट्यूनिंग हा कच्चा मार्ग आहे. दुकानाची ताजी दरयादी सूचनेतच द्यावी. वागण्याची पद्धत कायमची बदलायची असेल, तेव्हाच आकड्यांना हात लावावा, कारण तेच आकडे इतर कामांतही वापरले जातात. इन्स्ट्रक्टजीपीटी घडवताना वाचन-आकलनाच्या आणि भाषांतराच्या काही चाचण्यांतले गुण घसरले. प्रशिक्षणात मूळचा मजकूर पुन्हा मिसळल्यावर ही घसरण बरीच कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. फक्त नव्या कामाची परीक्षा घेतली असती, तर ती दिसलीही नसती. त्यासाठी जुन्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात.